सही करण्याआधी खोका उलटा करून बघा

भोसरीत स्टोअरला लागलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बेरिंगचा एक खोका आला. वरून अगदी ठीकठाक दिसत होता. कुरियरवाला घाईत होता, मीही पीओडीवर, म्हणजे माल मिळाल्याच्या पावतीवर, सही ठोकली. संध्याकाळी मोजले तर 60 ऐवजी 50 नग! साहेबांनी पीओडी पुढ्यात ठेवली, त्यावर माझी सही होती, शेरा काहीच नव्हता. पुढे बोलायला जागाच उरली नाही.

खोका उघडला होता तळातून. चोर सहसा वरची टेप काढत नाही, कारण ती सगळ्यांना दिसते. आता मी खोका आधी उलटा करतो. जुनी टेप उपटली की पुठ्ठ्याचा वरचा तपकिरी पापुद्रा तिच्यासोबत निघतो आणि खाली फिकट, खरबरीत पट्टा राहतो. त्यावर नवी टेप मारली तरी तो तिच्या कडेने डोकावतोच. पाठवणारा कंपनीच्या नावाची टेप वापरत असेल आणि तळाला साधी असेल, तर शंका घ्यायचीच. मात्र फाटलेला खोका कुरियरच्या हबमध्येही पुन्हा टेप करतात. म्हणून टेप बदललेली दिसली की लगेच ‘चोरी’ म्हणू नका, वजन करा.

त्या खोक्यावर 8.2 किलो लिहिलं होतं. 6205 बेरिंग साधारण 130 ग्रॅमचं असतं, म्हणजे 10 नग कमी असल्याने काटा 6.9 वर थांबला असता. दोन मिनिटांचं काम होतं, मी केलं नाही. एक अडचण आहे: हलक्या पण मोठ्या खोक्यावर कधीकधी आकारावरून काढलेलं वजन छापतात. तिथे काट्याशी ताळा बसत नाही, पाठवणाऱ्याला फोन करून खरं वजन विचारावं लागतं.

फरक निघाला तर खोका काट्यावर असतानाच, आकडा आणि लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या. सहाही बाजूंचे फोटो वेगळे. मग पीओडीच्या दोन्ही प्रतींवर, सहीच्या आधी लिहा: ‘तळाची टेप बदललेली, वजन 8.2 ऐवजी 6.9 किलो, आतला माल न तपासता घेतला.’ नुसतं ‘तपासणीच्या अधीन’ लिहून फारसं काही साधत नाही, काय दिसलं तेच लिहायचं. खोका फोडताना संशयाची शिवण सोडून दुसऱ्या बाजूने कापा, व्हिडिओ न थांबवता काढा, आणि क्लेम संपेपर्यंत खोका टेपसकट ठेवा.

कुरियरवाला शेरा लिहू देत नसेल तर माल परत पाठवा. मोबाइलवर सही घेणाऱ्यांकडे सहसा शेऱ्याला जागा नसते, तिथे ओटीपी हीच सही. ओटीपी खोका बघितल्यावरच सांगायचा. नाकारलात तर त्याने कारण काय टाकलं ते त्याच्या स्क्रीनवर बघून घ्या. माझ्या एका खोक्याला ‘ग्राहक उपलब्ध नाही’ लागलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच खोका पुन्हा दारात.