फ्रेट कोटेशन वाचताना या चुका टाळा : बीएएफ, कंजेशन आणि तळातली बारीक ओळ

न्हावाशेव्याच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर एक सवय लागली आहे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशनचा फोटो पाठवून "रेट बरा आहे ना?" असं विचारलं की मी पहिल्या ओळीकडे बघतच नाही. पहिल्या ओळीत ओशन फ्रेट असतं, ते सगळेच बघतात. पैसे जातात ते खालच्या ओळींत.

2024 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपला जाणारी बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून चालली होती. भाडं दर पंधरवड्याला बदलत होतं. सोलापूरचे एक टॉवेलवाले, दोन चाळीस फुटी हायक्यूब, हॅम्बुर्गला. व्यवहार सीएफआर, म्हणजे भाडं यांच्याच डोक्यावर. मालकांचा मुलगा नुकताच निर्यातीचं बघायला लागला होता. त्याच्या हातात हे कोटेशन होतं (आकडे गोल केलेत):

```
OCEAN FREIGHT   USD 4,200 / 40HC
BAF             USD   320 / TEU
ETS             USD    40 / TEU
PCS             IF ANY, VATOS
```

त्याने तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि बेरीज केली, 4,560. दुसऱ्या फॉरवर्डरचा, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा, दर होता 4,750, त्यात बीएएफ हा इंधनाचा भार आणि ईटीएस हा कार्बनचा भार दोन्ही धरलेले. 190 डॉलर वाचले म्हणून पोरगं खूश.

आता शेवटच्या रकान्यात बघा. भाडं कंटेनरमागे आहे, पण बीएएफ आणि ईटीएस टीईयूमागे. टीईयू म्हणजे वीस फुटी एक डबा. चाळीस फुटीचे दोन टीईयू होतात. म्हणजे बीएएफ 640, ईटीएस 80, आणि खरी बेरीज 4,920. जो दर महाग म्हणून बाजूला सारला तोच 170 डॉलरनी स्वस्त होता. दोन कंटेनरवर त्याचा हिशोब 720 डॉलरनी चुकला, तेव्हाच्या भावाने साठेक हजार रुपये.

एकाच कागदावर दोन एककं का, असं विचाराल तर लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं, टॅरिफच तसं असतं आणि फॉरवर्डर ते उतरवून काढतो. त्यात लबाडी असतेच असं नाही, पण वाचणाऱ्याची घाई मात्र त्यांना ठाऊक असते. मी कोटेशन छापून घेतो आणि प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने माझ्या कंटेनरचा आकडा लिहितो. एक्सेलमध्ये करा म्हणणारे भेटतात. करा, पण एक्सेल एकक वाचत नाही.

पोराची खरी परीक्षा चौथ्या ओळीने घेतली. PCS म्हणजे पोर्ट कंजेशन सरचार्ज. बंदरात गर्दी झाली, जहाजं बाहेर नांगर टाकून थांबली, की त्या थांबण्याचा खर्च लाइन डब्यांवर वाटते. पुढे लिहिलेलं VATOS म्हणजे शिपमेंटच्या वेळी जो लागू असेल तो. कोटेशनच्या दिवशी शून्य असेल तर शून्यच राहील, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

त्यांचे दोन्ही डबे महिन्याच्या 27 तारखेला गेट-इन झाले. जहाजाला बर्थ मिळायला उशीर झाला आणि ते पुढच्या महिन्याच्या 3 तारखेला सुटलं. मधल्या 1 तारखेपासून लाइनने टीईयूमागे दीडशे डॉलर कंजेशन लावलं होतं. बिल आलं तेव्हा मुलाचा फोन, "काका, माल तर आधीच्या महिन्यात पोर्टात गेला, रेट फिक्स होता ना?" मी विचारलं, बिल ऑफ लेडिंगवर ऑन बोर्डची, म्हणजे माल जहाजावर चढल्याची, तारीख काय? 3. त्या लाइनच्या नोटिशीत जहाज सुटण्याची तारीख धरलेली होती, गेट-इनची नव्हे. दोन डब्यांचे आणखी 600 डॉलर. आधीचे 720 धरून लाखावर रुपये झाले, आणि खरेदीदाराशी किंमत आधीच ठरलेली असल्याने ते मागायचे कुणाकडे?

म्हणून माझा एकच मेल असतो आणि तो फोनवर कधीच होत नाही. "अमुक तारखेपर्यंत सुटणाऱ्या जहाजाला, एका चाळीस फुटीमागे, एकूण किती? वैधता गेट-इनला की सेलिंगला? डबा रोलओव्हर होऊन पुढच्या जहाजावर गेला तर दर तोच की नवा?" समोरचा वैतागतो. फोनवर "हो हो साहेब, ऑल-इनच आहे" म्हणणारा मेलवर मात्र 'सब्जेक्ट टू' लिहितो. ते दोन शब्द आले की समजायचं, ओळ अजून उघडी आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माल काढणाऱ्यांनी तर वैधतेनंतरचे आठ दिवस धरूनच किंमत काढावी. माझं हे म्हणणं पुष्कळांना भित्रेपणाचं वाटतं.

कंजेशन आणि डिटेंशन एक समजू नका. कंजेशन लाइन सरसकट सगळ्यांना लावते. डिटेंशन तुम्ही डबा ठरल्या दिवसांत परत केला नाही म्हणून लागतं. पहिल्यावर भांडण नोटिशीची तारीख दाखवून होतं, दुसऱ्यावर गेटच्या पावत्या दाखवून.

बीएएफबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे नावंच फसवतात. हा इंधनाच्या, म्हणजे बंकरच्या, भावातल्या चढउताराचा भार. युरोपच्या मार्गांवर पूर्वी लाइनींची कॉन्फरन्स एकत्र बसून तो ठरवायची. ऑक्टोबर 2008 मध्ये युरोपीय संघाने असं एकत्र ठरवण्याची सवलत काढली, तेव्हापासून तिथे प्रत्येकाचं सूत्र वेगळं आणि पाटीही वेगळी. हापाग-लॉइडच्या कागदावर MFR दिसेल, एमएससीच्या BRC, ओएनईच्या OBS. नवखा माणूस एका कोटेशनमध्ये BAF शोधतो, सापडत नाही, आणि "यात बंकर नाही" म्हणून आनंदतो.

उलट चूकही होते. 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनात गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. तेव्हा LSS नावाची लो सल्फरची ओळ सगळीकडे दिसू लागली. पुढे बऱ्याच लाइनींनी तो खर्च बंकरच्या सूत्रातच घेतला. तरी जुन्या साच्यावर बनवलेल्या कोटेशनमध्ये LSS बसून राहतो. दोन्ही ओळी दिसल्या की विचारायचं, LSS कशाचा? ते म्हणाले की वाटेतल्या नियंत्रित सागरी क्षेत्राचा, तर ऐकून घ्या. बाल्टिक, उत्तर समुद्र अशा नियंत्रित क्षेत्रांत मर्यादा 0.10 टक्के आहे, आणि हॅम्बुर्गचं जहाज त्यातूनच जातं. पण माल दुबईच्या जेबेल अलीला चाललाय आणि दोन्ही ओळी आहेत, तर एक खोडायला सांगा. मी तीनदा सांगितलं, दोनदा खोडली.

ईटीएस हा युरोपच्या कार्बनचा भार, 2024 पासूनचा. युरोपबाहेरून आत येणाऱ्या फेरीचं अर्धं उत्सर्जन धरतात. त्यातला भरायचा वाटा 2024 साठी 40 टक्के, 2025 साठी 70 आणि 2026 पासून पूर्ण. गेल्या वर्षीचा आकडा चिकटवून यंदाची किंमत काढू नका.

टीएचसी, म्हणजे बंदरातल्या हाताळणीचा खर्च, रुपयांत आणि भाडं डॉलरमध्ये असतं. बिलावरचा डॉलरचा भाव लाइनचा स्वतःचा असतो, बँकेचा नसतो. तो कोटेशनवर लिहून घ्या.

त्या मुलाचं परवा पुन्हा कोटेशन आलं, या वेळी फोटो नव्हता, पीडीएफ होती. प्रत्येक टीईयूपुढे निळ्या पेनाने 'गुणिले 2' लिहिलेलं. VATOS ची ओळ मात्र तशीच कोरी होती, म्हणून मी ती वर्तुळ करून परत पाठवली.