थकीत ७२० की ९००? शेअर वाटपाचं गणित मी जिथे चुकलो

आर्टिकलशिपच्या पहिल्याच महिन्यात सीनियरने एका नव्या कंपनीचे भागभांडवलाचे कागद पुढ्यात टाकले आणि म्हणाला, "नोंदी करून ठेव, संध्याकाळी बघतो." बारावीला हा धडा पाठ होता, त्यामुळे मी खुशीत होतो. संध्याकाळी माझी बँक जुळेना. १८० रुपयांचा फरक. तो फरक कुठून आला हे ज्याला कळलं, त्याला हा विषय कळला असं मला आजही वाटतं. आकडे सोपे करून सांगतो.

कंपनीने १० रुपयांचे १०,००० शेअर्स काढले. अर्जाबरोबर ३ रुपये, वाटपावर ३, पहिल्या कॉलला २ आणि शेवटच्या कॉलला २. अर्ज आले १४,००० शेअर्सचे. म्हणजे बँकेत ४२,००० रुपये जमा. हे पैसे अजून भांडवल नाहीत बरं का. वाटप होईपर्यंत ती लोकांची ठेव आहे, म्हणून नोंद बँक खाते नावे, भाग अर्ज खाते जमा, एवढीच.

संचालकांनी २,००० शेअर्सचे अर्ज फेटाळले आणि उरलेल्या १२,००० अर्जांना प्रमाणात १०,००० शेअर्स दिले. सहा मागितले तर पाच मिळाले. आता ४२,००० ची वाटणी करा: फेटाळलेल्यांचे ६,००० परत, वाटलेल्या १०,००० शेअर्सचे ३०,००० भांडवलात, आणि प्रमाणात कमी शेअर्स मिळालेल्यांचे जादा ६,००० वाटप खात्यात वळते. दोन्हीकडे ६,००० दिसतात म्हणून नवीन मुलं एकच रक्कम समजतात. पण पहिली रक्कम बाहेर जाते, दुसरी कंपनीतच राहते. (हल्ली पब्लिक इश्यूमध्ये अस्बामुळे अर्जदाराच्या खात्यात रक्कम फक्त अडकवून ठेवतात आणि शेअर्स मिळाले नाहीत की मोकळी करतात. पुस्तकातलं गणित मात्र परताव्याचीच नोंद मागतं.)

वाटपाची मागणी ३०,०००. त्यातले ६,००० आधीच आलेत, म्हणून यायचे उरले २४,०००. इथे ३०० शेअर्स मिळालेल्या एका भागधारकाने अर्जानंतर छदामही दिला नाही. मी झटकन लिहिलं, थकबाकी ३०० गुणिले ३, म्हणजे ९००. बँकेत २३,१००. बँकेचं स्टेटमेंट मात्र २३,२८० सांगत होतं.

सीनियरने एकच विचारलं, "त्याने अर्ज किती शेअर्सचा केला होता?" सहास पाच या हिशोबाने ३०० मिळवायला त्याने ३६० मागितले असणार. अर्जाबरोबर भरले १,०८०. ३०० शेअर्सना लागले ९००. म्हणजे त्याचे १८० रुपये वाटपाच्या खात्यात आधीच बसले होते. थकबाकी ९०० नव्हे, ७२०. गणितात "३०० शेअर्स वाटलेला" आणि "३६० शेअर्सचा अर्जदार" यातला शब्द नीट वाचा. वाटप दिलं असेल तर सहाने गुणून पाचाने भागायचं, अर्ज दिला असेल तर उलट. उत्तरात अर्ज वाटपापेक्षा लहान आला तर तुम्ही उलटं केलंय.

कॉलवर ही भानगड नाही, कारण जादा रक्कम वाटपातच संपली. प्रत्येक कॉलला ६०० थकले आणि आले १९,४००. एकूण थकीत ७२०, ६०० आणि ६००, म्हणजे १,९२०.

आता ताळा. बँकेत परतावा वजा जाता अर्जाचे ३६,०००, मग २३,२८०, आणि दोन कॉलचे ३८,८००. बेरीज ९८,०८०. मागितलेलं भांडवल १,००,००० मधून १,९२० वजा केले तरी ९८,०८०. ताळेबंदाच्या टिपेत थकीत रक्कम अशीच भांडवलातून वजा दाखवायची. ती येणेकऱ्यांत घालू नका, मी घातलेली आहे. संचालकांची थकबाकी असेल तर ती वेगळी दाखवावी लागते.

राहिलं व्याज. कंपनीने स्वतःची नियमावली केली नसेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यातला तक्ता एफ लागतो. त्यात थकीत रकमेवर द.सा.द.शे. १० टक्के व्याज आहे. संचालक ते कमी किंवा माफही करू शकतात. व्याज प्रत्येक रकमेच्या देय तारखेपासून वेगळं काढायचं. वाटप १ जूनला देय, कॉल १ ऑगस्ट आणि १ ऑक्टोबरला, आणि या गृहस्थाने सगळे पैसे १ डिसेंबरला आणून दिले असं धरा. ७२० वर सहा महिन्यांचे ३६, पहिल्या ६०० वर चार महिन्यांचे २०, दुसऱ्यावर दोन महिन्यांचे १०. चेक १,९८६ चा. १,९२० थकीत खात्याला जमा, ६६ व्याजाला जमा.