कार्बोकॅटायन काढण्याआधी: सबस्टिट्यूशन की एलिमिनेशन, याची तयारी

उत्तरपत्रिका तपासताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. अल्काईल हॅलाइड दिसलं की मुलं आधी ब्रोमीन काढून टाकतात, त्या कार्बनवर अधिक चिन्ह मांडतात आणि मगच बाण कुठे जाईल याचा विचार सुरू करतात. खरं तर कार्बोकॅटायन किती स्थिर आहे हा प्रश्न, तो तयार होणार असेल तरच विचारायचा असतो. म्हणून ही यादी त्याच क्रमाने लिहिली आहे. सोबतीला एकच रेणू घेऊ: २-ब्रोमो-३-मिथाईलब्युटेन, म्हणजे `CH3CHBrCH(CH3)2`.

पहिलं काम पेन्सिलीचं. रेणू काडीचित्रात असेल तर ब्रोमीनधारी कार्बन आणि त्याचे शेजारी, एवढ्या भागातले सगळे हायड्रोजन उघडे करून काढा. आपल्या रेणूत ब्रोमीन दुसऱ्या कार्बनवर आहे आणि तो कार्बन सेकंडरी आहे. डावीकडच्या शेजाऱ्यावर तीन हायड्रोजन आहेत, उजवीकडच्यावर एकच, पण त्या उजव्या शेजाऱ्यापासून दोन मिथाईल फुटल्यात. पुढचा सगळा निर्णय या चार हायड्रोजनांवर आणि त्या फांदीवर आहे. ते कागदावर दिसत नसतील, तर डोक्यातही येत नाहीत.

मग अभिकर्मक आणि सॉल्व्हंट वाचा. प्रश्नात बाणाच्या वर-खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं तेच हे, आणि घाईत नजर नेमकी त्यावरूनच घसरते. इथे विचारायचं इतकंच: समोर तगडा बेस आहे, चांगला पण सौम्य न्यूक्लिओफाईल आहे, की दोन्ही नाहीत आणि नुसतं सॉल्व्हंट आहे? बेसची ताकद त्याच्या संयुग्मी आम्लाच्या पीकेएवरून जोखा. इथॉक्साईडसाठी ती सुमारे १६ आहे, ॲझाइड आणि ॲसिटेटसाठी ४.७ च्या आसपास. सेकंडरी हॅलाइडच्या बाबतीत हा फरकच निकाल लावतो. २-ब्रोमोप्रोपेनला इथेनॉलमध्ये सोडियम इथॉक्साईड दिलं तर सुमारे ८० टक्के प्रोपीन मिळतं आणि ईथर जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच हॅलाइडला ॲसिटेट दिलं तर जवळजवळ सगळं सबस्टिट्यूशन होतं.

आता आपल्या रेणूवर तिन्ही परिस्थिती लावून बघा. इथेनॉलमध्ये इथॉक्साईड असेल तर ई२. बेस उजवीकडचा एकुलता हायड्रोजन उचलतो आणि २-मिथाईल-२-ब्युटीन हे जास्त प्रतिस्थापित अल्कीन मुख्य ठरतं. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साईड आलं तर त्या जाड बेसला फांदीच्या गर्दीत शिरणं जड जातं, तो कडेच्या मिथाईलकडे वळतो आणि ३-मिथाईल-१-ब्युटीनचा वाटा वाढतो. दोन्हीकडे कार्बोकॅटायन कुठेच नाही. सगळं एका झटक्यात होतं, त्यामुळे स्थिरतेची तुलना इथे लिहूच नका.

डीएमएफमध्ये सोडियम ॲझाइड असेल तर एसएन२. शेजारच्या फांदीमुळे वेग मंदावतो, पण सांगाडा तोच राहतो. ब्रोमाइड आर असेल, तर ॲझाइड एस. तेवढं उत्तरात लिहायला विसरू नका.

तिसरी परिस्थिती कोमट मिथेनॉलची, बाकी काहीच न घालता. तगडा बेस नाही, तगडा न्यूक्लिओफाईल नाही आणि सॉल्व्हंट ध्रुवीय व प्रोटिक आहे. इथे मात्र ब्रोमाइड स्वतःहून सुटतं आणि स्थिरतेची यादी कामाला येते. सेकंडरी धनभाराला शेजारून किती सी-एच बंध आधार देतात ते मोजा: डावीकडून तीन, उजवीकडून एक, एकूण चार. आता उजवीकडचा हायड्रोजन आपल्या दोन इलेक्ट्रॉनांसह धनभाराकडे सरकला असं समजा. धनभार फांदीच्या कार्बनवर जातो, तो टर्शरी होतो आणि आधार देणारे बंध होतात आठ: दोन मिथाईलचे सहा आणि एका `CH2` चे दोन. असा स्थलांतराचा रस्ता मोकळा असताना रेणू तो घेतोच. म्हणून मुख्य सबस्टिट्यूशन उत्पाद २-मेथॉक्सी-२-मिथाईलब्युटेन, सोबत ई१ मधून आलेलं थोडं २-मिथाईल-२-ब्युटीन. तापमान वाढवलं की अल्कीनचा हिस्सा वाढतो.

बंध मोजण्याची ही रीत सोयीची आहे, पण तिला मर्यादा आहेत आणि त्या माहीत असायलाच हव्यात. बेन्झाइल कार्बोकॅटायनमध्ये असा एकही सी-एच बंध नसतो, तरीही तो साध्या प्रायमरीपेक्षा कितीतरी स्थिर असतो, कारण धनभार वलयात पसरतो. मेथॉक्सीमिथाईल क्लोराइड दिसायला प्रायमरी आहे, पण शेजारच्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनांची जोडी धनभार सावरते आणि ते झपाट्याने आयनित होतं. म्हणून आधी रेझोनन्स शोधा, मग शेजारची एकाकी जोडी, आणि त्यानंतर सी-एच बंध मोजा. धनभार वलयाच्या शेजारी नसून थेट बेन्झीनच्या कार्बनवर असेल, तर रेझोनन्सचा आधार अजिबात नाही. तिथे कार्बोकॅटायन काढणं चूकच.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन परीक्षानळ्या पुरतात. एकीत ॲसिटोनमधलं सोडियम आयोडाइड, दुसरीत इथेनॉलमधलं सिल्व्हर नायट्रेट. पहिलीत प्रायमरी ब्रोमाइड टाकलं की थोड्या वेळात पांढरा साका दिसतो, कारण सोडियम ब्रोमाइड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. टर्शरी ब्रोमाइड तिथे ढिम्म राहतं. दुसऱ्या नळीत क्रम उलटा: टर्शरी पडताक्षणी सिल्व्हर ब्रोमाइडचा फिकट पिवळसर गढूळपणा येतो आणि साध्या प्रायमरीला ताटकळत ठेवावं लागतं. सेकंडरी दोन्हीकडे मधे रेंगाळतं. प्रश्नात अभिकर्मकाकडे बघूनच निकाल का लावावा लागतो, ते या रेंगाळण्यातून कळतं.

टर्शरी हॅलाइडपुरती एक खूण वेगळी करून ठेवा. तिथे एसएन२ बंदच असतं, त्यामुळे चांगला न्यूक्लिओफाईल दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. टर्ट-ब्युटाईल ब्रोमाइडला सायनाइड दिलं तर नायट्राइलऐवजी प्रामुख्याने आयसोब्युटिलीन पदरात पडतं. वलयातल्या हॅलाइडला ई२ लावायचा असेल तर हायड्रोजन आणि हॅलोजन विरुद्ध बाजूंना, एका प्रतलात येतात का ते आसन रचना काढूनच ठरवा.

तयारी झाली की नाही ते पडताळायला १-ब्रोमो-२,२-डायमिथाईलप्रोपेन घ्या. ते प्रायमरी आहे, पण मागच्या बाजूला टर्ट-ब्युटाईलची भिंत असल्याने एसएन२ जवळपास ठप्प. शेजारच्या कार्बनवर एकही हायड्रोजन नाही, म्हणून नेहमीचा ई२ शक्य नाही. नुसत्या इथेनॉलमध्ये तापवत ठेवलं तर फार सावकाश काहीतरी घडतं: ब्रोमाइड सुटता सुटताच एक मिथाईल सरकतं, टर्शरी धनभार तयार होतो आणि २-इथॉक्सी-२-मिथाईलब्युटेन व २-मिथाईल-२-ब्युटीन मिळतात. तुमच्या कागदावर साधा प्रायमरी कार्बोकॅटायन मोकळा उभा असेल, तर पुन्हा वर जाऊन शेजारच्या कार्बनपासून सुरुवात करा.