डेक्कन क्वीन ते डेक्कन क्वीन: फोर्टमधली सात ठिकाणं कमीत कमी चालून कशी बघावीत

पुण्याहून सकाळी ७.१५ला निघणारी डेक्कन क्वीन १०.२५ला सीएसएमटीला पोहोचते आणि संध्याकाळी ५.१०ला परत निघते. मधल्या पावणेसात तासांत दक्षिण मुंबईतली सात ठिकाणं पायी बघायची आहेत: रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय, हॉर्निमन सर्कल आणि समोरच्या एशियाटिकच्या पायऱ्या, गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जहांगीर कलादालन, फ्लोरा फाउंटन आणि शेवटी खुद्द सीएसएमटीच्या इमारतीतलं वारसा दालन. सात ठिकाणं ५,०४० वेगवेगळ्या क्रमांनी लावता येतात. त्यातला चांगला क्रम कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात सापडतो.

पहिली पायरी: वेळा लिहा, पण फक्त ज्यांना आहेत त्यांच्या

गेटवे, हॉर्निमन सर्कल आणि फ्लोरा फाउंटन बाहेरून बघायची ठिकाणं. दिवसभरात कधीही गेलं तरी चालतं, म्हणून ती सध्या बाजूला ठेवा. उरलेल्या चारांच्या वेळा अशा धरू: चलन संग्रहालय १०.४५ ते ५.१५, वस्तुसंग्रहालय १०.१५ ते ६, जहांगीर ११ ते ७ आणि वारसा दालन फक्त दुपारी ३ ते ५.

वार आधी बघा, वेळ नंतर. चलन संग्रहालय सोमवारी बंद असतं आणि वारसा दालन शनिवार-रविवारी. म्हणजे सातही ठिकाणं हवी असतील तर मंगळवार ते शुक्रवार एवढेच दिवस उरतात. बँकेची सुट्टी आली तर तोही दिवस गेला. वेळा बदलत असतात, त्यामुळे आदल्या दिवशी प्रत्येक ठिकाणी फोन करून खात्री करा.

दुसरी पायरी: अंतर मिनिटांत मोजा

नकाशावरच्या सरळ रेषेवर विसंबू नका. सीएसएमटीसमोरचा रस्ता भुयारी मार्गानं ओलांडण्यातच दोन-तीन मिनिटं जातात. रमतगमत चालणाऱ्याच्या हिशेबानं मी ही मिनिटं धरली आहेत: सीएसएमटी ते चलन संग्रहालय १०, तिथून हॉर्निमन सर्कल ५, तिथून शहीद भगतसिंग मार्गानं गेटवे १५, गेटवे ते वस्तुसंग्रहालय ९, तिथून जहांगीर ४, जहांगीर ते फ्लोरा फाउंटन ९ आणि तिथून दादाभाई नौरोजी मार्गानं सीएसएमटी १३.

तिसरी पायरी: सगळ्यात लांबचं ठिकाण शोधा

खरी गंमत या पायरीत आहे. फोर्टचा भाग उत्तर-दक्षिण असा लांबट आहे. आपण उत्तर टोकाला उतरतो, तिथूनच परत निघतो आणि गेटवे दक्षिण टोकाला आहे. नुसतं गेटवेला जाऊन परत यायचं म्हटलं तरी तासभर चालावं लागतं. हा तास कुठल्याही क्रमानं टळत नाही. पण बाकीची जवळजवळ सगळी ठिकाणं याच वाटेवर आहेत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळं चालणं फारसं पडत नाही. अट एकच: एकदा खाली जायचं, एकदा वर यायचं, मध्ये मागे फिरायचं नाही.

मग क्रम ठरवणं म्हणजे प्रत्येक ठिकाणापुढे ‘जाताना’ किंवा ‘येताना’ असं लिहिणं. वारसा दालन ३ला उघडतं, ते अर्थातच येताना. चलन संग्रहालय १०.४५ला उघडतं आणि आपण स्टेशनातून १०.३५ला बाहेर पडलो तर बरोबर दार उघडताना पोहोचतो, म्हणून ते जाताना. हॉर्निमन सर्कल त्याच पूर्वेकडच्या बाजूला आहे, म्हणून तेही जाताना. वस्तुसंग्रहालय, जहांगीर आणि फ्लोरा पश्चिमेकडच्या रस्त्यावर आहेत, ती येताना.

दिवस असा उलगडतो:

- १०.४५ ते ११.३० चलन संग्रहालय
- ११.३५ ते ११.५० हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या
- १२.०५ ते १२.२५ गेटवे (तपासणीची रांग यातच धरली आहे)
- साधारण १.१० पर्यंत वाटेत जेवण
- १.१५ ते २.४५ वस्तुसंग्रहालय
- २.५० ते ३.१० जहांगीर
- ३.२० ते ३.२५ फ्लोरा फाउंटन
- ३.४० ते ४.३० वारसा दालन

एकूण चालणं ६५ मिनिटं. आता ‘मोठं म्युझियम आधी उरकू’ असं म्हणून निघालात तर काय होतं बघा. सीएसएमटी ते वस्तुसंग्रहालय २६, गेटवे ९, परत वर जहांगीर १३, हॉर्निमन १५, चलन संग्रहालय ५, फ्लोरा ६ आणि सीएसएमटी १३: एकूण ८७ मिनिटं. ठिकाणं तीच, पण २२ मिनिटं जास्त. काळा घोडा परिसर दोनदा ओलांडला, फ्लोराची दिशाही दोनदा धरली, त्याची ही किंमत.

चौथी पायरी: फेरी उलटी करून बघा

तीच फेरी उलट्या दिशेनं केली तरी चालणं ६५ मिनिटंच. फ्लोरा करून जहांगीरला ११.०२ला पोहोचतो, म्हणजे वेळाही जुळतात. मग कुठली दिशा निवडायची? माझा नियम असा: जिथे वेळ हमखास लांबतो, त्या ठिकाणानंतर छोटी आणि गाळता येण्याजोगी ठिकाणं यावीत. वस्तुसंग्रहालयात दीड तासाचे दोन तास कधी होतात ते कळत नाही. पहिल्या दिशेत त्यानंतर जहांगीर आणि फ्लोरा येतात. जहांगीरची वीस मिनिटं सोडून दिली की बराचसा उशीर भरून निघतो. उलट्या दिशेत त्यानंतर चलन संग्रहालयाची पाऊण तासाची भेट शिल्लक असते आणि तो भार थेट वारसा दालनाच्या वेळेवर येतो. म्हणून पहिली दिशा बरी.

गाडी अर्धा तास उशिरा आली तरी पहिली फेरी निभते. दालनातून ५ला बाहेर पडून ५.१०ची गाडी पकडायची म्हणजे धावपळ होते, पण जहांगीर वगळलं तर ४.४०लाच मोकळे होता. त्याहून जास्त उशीर झाला तर स्टेशनातच ठरवा की चलन संग्रहालय आज नाही. दुपारी दमल्यावर असले निर्णय चुकतात.

भाग लांबट नसेल तर

पुण्याच्या पेठांसारखा चहूबाजूंनी पसरलेला भाग असेल तर ठिकाणं नकाशावर ठिपक्यांनी दाखवा आणि ठरवलेल्या क्रमानं रेघेनं जोडा. रेघ स्वतःलाच कुठे छेदत असेल, तर त्या दोन टोकांमधला क्रम उलटा केला की छेद सुटतो आणि रेघ आखूड होते. मग वेळा तपासा. एखादं दार बंद सापडत असेल तर दोन आकडे शेजारी लिहा: दाराशी थांबायला लागणारी मिनिटं आणि ते ठिकाण पुढे ढकलल्यानं वाढणारं चालणं. उन्हाळ्यात दहा मिनिटं सावलीत थांबणं मी दहा मिनिटांच्या जादा चालण्यापेक्षा केव्हाही पसंत करीन.

क्रॉफर्ड मार्केट या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. ते सीएसएमटीच्या पलीकडे उत्तरेला आहे, म्हणजे जाण्या-येण्याची पंधरा मिनिटं वेगळी पडतात. दालन ४.३०ला आटपलं आणि फळं न्यायचीच असतील, तर ते सगळ्यात शेवटी करा, नाहीतर आंब्याची पेटी गेटवेपर्यंत हातात राहील.