या चुका टाळा: बँकआयडीत लॉगिनला होकार देत आहात की दस्तऐवजावर सही करत आहात?

स्वीडनमध्ये राहणाऱ्याला बँकआयडी हे ओळख पटवण्याचे आणि सही करण्याचे अ‍ॅप इतक्या वेळा उघडावे लागते की सहा आकडे बोटांनाच पाठ होतात. गोंधळाचे मूळही तेच आहे, कारण लॉगिनला आणि सहीला सुरक्षा कोड एकच लागतो.

फरक दाखवतो तो पडद्यावरचा स्वीडिश शब्द. Legitimera किंवा त्याचेच एखादे रूप दिसले, तर आपण फक्त आपली ओळख पटवत असतो. Skriv under किंवा Underskrift दिसले, तर ती कायद्याने बंधनकारक ठरू शकणारी सही असते. शब्दासोबत येणारे संस्थेचे नावही वाचावे.

गेल्या वर्षी मी एका इंटरनेट कंपनीच्या संकेतस्थळावर केवळ दर पाहण्यासाठी लॉगिन केले. दोन पाने पुढे गेल्यावर बँकआयडी पुन्हा उघडले. लॉगिनची वेळ संपली असावी, अशा समजुतीने मी कोड टाकला. ती सही होती, आणि ती बारा महिन्यांच्या करारावर होती. असा करार ऑनलाइन झाला असेल, तर ग्राहकाला तो सहसा 14 दिवसांत मागे घेता येतो, म्हणून मी सुटलो; पण बँकेतून गेलेल्या पैशांना ही सवलत नाही. त्याच व्यवहारात अ‍ॅप दुसऱ्यांदा उघडले की हा टप्पा वेगळा आहे असेच धरून चालावे.

काही जण पडद्यावर मजकूर दिसला म्हणजे सही आणि नसला म्हणजे लॉगिन, असा ठोकताळा बांधतात. तो फसवा आहे, कारण सेवा देणारी संस्था लॉगिनच्या वेळीही मजकूर दाखवू शकते. उलट सही करताना मूळ दस्तऐवज अ‍ॅपमध्ये दिसेलच असे नाही; अनेकदा «भाडेकरारावर सही करत आहे» अशा अर्थाची एक ओळ येते आणि दस्तऐवजाशी जोडलेली तांत्रिक माहिती न दिसता सहीत समाविष्ट होते. करार वाचायचा तो संकेतस्थळावर, आणि तोही कोड टाकण्याआधी.

याच्या विरुद्ध टोकाची चूकही होते: «लॉगिनच तर आहे, त्याने काय बिघडणार?» बँकेतून बोलतो असे सांगणारा माणूस फोनवर ओळख पटवायला लावतो, तेव्हा Legitimera ला दिलेल्या होकाराने तुमच्या नावाने लॉगिन तो करतो. मग «व्यवहार थांबवण्यासाठी» म्हणून तो दुसरी विनंती पाठवतो, तिच्यावर Skriv under असते आणि पैसे जातात ते त्या सहीने. थांबवण्यासाठी सही मागितली जात असेल, तर सांगण्यात आणि पडद्यावर मेळ नाही हे तिथेच ओळखावे.

शंका आली की Avbryt, म्हणजे रद्द करण्याचे बटण, दाबावे. त्या विनंतीपुरती ना ओळख पटते ना सही होते, आणि काम खरे असेल तर ते पुन्हा सुरू करता येते.