वटवाघळाचा आवाज दहापट संथ करताना

गोदाघाटावरच्या दिव्यांभोवती किडे टिपणाऱ्या वटवाघळाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर कितीही हळू केला, तरी हाती काहीच लागत नाही. मोबाइल साधारणपणे सेकंदाला 48,000 नमुने घेतो आणि त्यातून 24 किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज नोंदवता येतो. हे छोटं वटवाघूळ ओरडतं ते 45 किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत. जे फाइलमध्ये आलंच नाही ते संथ केल्याने परत येत नाही.

त्यामुळे सेकंदाला 384,000 नमुने घेणारा रेकॉर्डर हवा. ऑडिओमॉथ हे त्यातलं स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र. नमुना-दर 384 किलोहर्ट्झ ठेवला की मिनिटाला साधारण 46 एमबी जागा खर्च होते, तेव्हा मेमरी कार्ड मोठं घ्या. निघण्याआधी मीटरभर अंतरावर किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघा. त्या खणखणाटात 20 किलोहर्ट्झच्या वरचाही आवाज असतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या उंच-खालच्या स्वरांच्या चित्रात, वरच्या भागात काहीच उमटलं नाही, तर नमुना-दर तपासा.

संथ करायचं काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये होतं. फाइल उघडा, ट्रॅकच्या नावावरचा मेनू काढून `Rate` मधल्या `Other…` मध्ये 38400 लिहा. नमुने तेच राहतात, फक्त दहापट हळू वाचले जातात. समजा, हाक 5 मिलिसेकंदांची होती आणि दोन हाकांमध्ये 100 मिलिसेकंदांचं अंतर होतं. आता ती 50 मिलिसेकंदांची होते, 45 ऐवजी 4.5 किलोहर्ट्झवर येते आणि पुढची हाक सेकंदभराने ऐकू येते. भक्ष्य जवळ आलं की हाका दाटत जातात. संथ केल्यावरही तो भाग घाईघाईच्या गुणगुणीसारखा वाटतो. मला विचाराल तर सगळ्या रेकॉर्डिंगमधला ऐकण्यासारखा भाग तोच.

इथे दोन चुका हमखास होतात. `Resample` वापरलं तर वेग तोच राहतो आणि वरचा सगळा आवाज गाळला जातो. `Change Tempo` फक्त लांबी वाढवतं, स्वर तिथेच ठेवतं. म्हणजे 45 किलोहर्ट्झचा आवाज 45 वरच राहतो, कानाला शून्य.

संथ केल्यावर खालून घरघर आली तर ती बहुधा रस्त्यावरच्या वाहनांची. आधी 15 किलोहर्ट्झखालचा भाग फिल्टरने काढा, मग दर बदला. सलग आडवी रेघ दिसली तर संशय एलईडी दिव्याच्या किंवा चार्जरच्या सर्किटवर घ्या. वटवाघळाची हाक तुटक आणि बहुधा खाली उतरणारी असते. म्हणून पहिला प्रयत्न दिव्यांपासून लांब, गंगापूर धरणाच्या बाजूला करणं सोयीचं.

डासाच्या पंखांसाठी मात्र हा दहापटीचा हिशेब चालत नाही. त्याची गुणगुण 500 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे मुळातच ऐकू येणारी. दहापट संथ केली तर ती 50 वर जाते आणि मोबाइलचा स्पीकर ती वाजवूच शकत नाही. तिथे दुप्पट संथ करा आणि हेडफोन लावा.

फाइल कुणाला पाठवायची तर डब्ल्यूएव्हीच पाठवा. एमपी3 वरचा आवाज कापून टाकतं, त्यामुळे मूळ 384 ची फाइल त्यात बदलली की वटवाघूळ गेलंच.