संगीतातला गरबा: या चुका टाळा

बडोद्याच्या मराठी घरातल्या लग्नाच्या संगीताला गरबा हवाच, आणि तो आजी-आजोबांसकट सगळ्यांचा हवा. तरी दरवर्षी त्याच चुका होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डीजेकडून तयार मेडली घेणे. गेल्या हिवाळ्यात एका लग्नात मावसभावंडांनी सहा गाण्यांची मेडली आणली होती. पहिली दोन गाणी हींचची, म्हणजे सहा मात्रांची. आज्या, काकू सगळ्या दोन टाळ्यांच्या बे ताळीत छान रमल्या होत्या. तिसऱ्या गाण्याला काही सूचना न देता आठ मात्रांचा केरवा सुरू झाला. आज्यांची टाळी चुकली, पाय अडखळले, आणि दोन मिनिटांत निम्मा गोल खुर्च्यांवर जाऊन बसला. पुढे वेग वाढत गेला आणि शेवटी पाच-सहा पोरं एकटीच दोढियुंच्या झटपट पायऱ्या करत राहिली. वर 'आजींना जमत नाही' असंही ऐकायला मिळालं. मला याचा फार राग येतो. ज्या बायका आयुष्यभर नवरात्रात गोल धरत आल्या, त्यांना गरबा जमतोच. न जमणारी असते ती गाण्यांची निवड.

मी सगळी गाणी एकाच तालात ठेवते, बहुतेक वेळा हींचमध्येच. कोळीगीत हवंच असेल तर सहा मात्रांच्या झुलत्या चालीचं निवडते, ते हींचला सहज जोडलं जातं. ताल बदलायचाच असेल तर मध्ये नुसता ढोल वाजू द्या, सगळ्यांना एकदा टाळी धरून घेऊ द्या, मग गाणं सुरू करा. गाणं आधी आजीसोबत चालून बघा. ती चालताना बोलू शकली तर वेग बरोबर आहे.

दुसरी चूक जागेची. स्टेजवर गोल मावत नाही, तो खाली जमिनीवरच धरा. वीस माणसं असतील तर दोन गोल करा: आत सहा ज्येष्ठ, बाहेर चौदा जण. आतला गोल मध्यापासून पाच फुटांवर ठेवला तर एका फेरीला सुमारे एकतीस फूट चालावं लागतं. बाहेरचा दहा फुटांवर असेल तर त्रेसष्ट. म्हणजे आजोबा छोट्या पावलांनी तीच फेरी तितक्याच वेळात पूर्ण करतात आणि धक्काही लागत नाही. लोक हे नेमकं उलटं करतात, उत्साही पोरं मध्यभागी आणि वडीलधारे कडेला. मग कडेच्यांना पळावं लागतं. आतल्या गोलात गरबा चांगला येणारी एक काकू मात्र ठेवाच, बाकीचे तिच्या पावलांवर पाऊल टाकतात.

फुगडी फक्त मुलींची ठेवा, आणि ती गोलाबाहेर. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून कुणी येऊ नये.

तीन ताळीच्या पायऱ्या एका संध्याकाळी शिकवू नका. ज्यांना येतात ते बाहेर करतील, आत बे ताळीच चालू द्या. टाळी एका वेळेला पडली की दोन्ही गोल एकत्रच दिसतात.